खोल खणलं की पाया पक्का? सड्यावर तसं नसतं

आपल्याकडे खानदेशात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न असतो, "मुरूम किती फुटावर लागला?" अमळनेर असो, चोपडा असो की शहादा, काळी माती वर, मुरूम खाली, आणि त्याच्याखाली मांजऱ्या नाहीतर काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती काढून टाकायची आणि मुरमावर बसायचं. जितकं खोल, तितकं पक्कं. तीस-बत्तीस वर्षं साईटवर काढल्यावर ही गोष्ट माझ्याही हाडात मुरली होती. भाच्याचं घर निघालं तेव्हा तिचा फेरविचार करावा लागला.

भाचा रत्नागिरीला नोकरीला आहे. तिथं सड्यावर त्यानं प्लॉट घेतला. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं सपाट पठार, झाड कमी आणि कातळ जास्त. त्यानं काम बघायला इथून आमच्या ओळखीचा मिस्तरी नेला. मिस्तरीनं प्लॉटवर पहार मारली, ती टण्णकन उडाली. रात्री मला फोन आला, "दादा, जमीन इतली कडक शे, मंग चिंता कसाले?"

चिंता कशाला, ते समजून घ्यायला आधी दगडाचं बघू, कारण गंमत अशी आहे की त्याचा सडा आणि आपलं काळं शेत एकाच दगडाची लेकरं आहेत. दोन्हीकडे मूळ खडक बेसाल्ट. फरक पावसाचा. जळगावला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर.

बेसाल्टात जवळपास निम्मी सिलिका असते, बाकी लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. पाऊस कमी असला की दगड कुजतो, पण कुजून सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम जागेवरच राहतं. त्यातून माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज तयार होतं. पाणी प्यायला मिळालं की फुगणारं तेच. आपल्या काळ्या मातीचा सगळा तापटपणा त्याच्यामुळे. पाऊस भरपूर आणि पाणी खाली झिरपून वाहून जाणारं असलं, की हजारो-लाखो वर्षांत कॅल्शियम जातं, मॅग्नेशियम जातं, सोडियम जातं, आणि हळूहळू सिलिकाही धुतली जाते. मागं उरतं ते न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाची ऑक्साइडं मातीला लाल रंग देतात आणि कण एकमेकांना चिकटवतात. तोच जांभा. खणताना तो इतका मऊ असतो की त्याचे चिरे कापता येतात, आणि उघड्यावर वाळला की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराला मलबारात अंगाडिपुरम इथं लोक जमिनीतून अशा विटा कापताना दिसले, म्हणून त्यानं १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून या दगडाला 'लॅटराइट' म्हटलं. जगभरात तेच नाव चालतं.

अशी जागेवरच दगड कुजून झालेली माती म्हणजे अवशिष्ट माती. तापीकाठचा केळीच्या बागांखालचा गाळ तसा नाही. तो नदीनं आणून, चाळून, थरावर थर रचून ठेवलेला आहे. गाळात खाली जावं तसा वरचा भार वाढतो आणि माती साधारण घट्ट होत जाते. पुस्तकातली बरीचशी सूत्रं अशा आणून टाकलेल्या मातीवरून बसवलेली आहेत. अवशिष्ट मातीत खाली जावं तसं काय होईल, ते तिला कुणी दाबलं यावर ठरत नाही. पाण्यानं तिथून काय नेलं आणि काय सोडलं, यावर ठरतं. म्हणून वर कडक, खाली मऊ असा उलटा क्रमही निघतो.

सड्यावर नेमकं हेच होतं. वर जांभ्याचं कवच. पावसाळ्यात भूजल वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं, त्या वर-खाली होण्यात लोह वरच्या पट्ट्यात साठत जातं. कवचाखाली लाल-पिवळ्या ठिपक्यांची माती, आणि तिच्याखाली पांढरट, गुलाबी, फिकट पिवळी अशी मऊ माती. तिच्यातलं लोह निघून गेलेलं, उरलेली बहुतेक केओलिन नावाची पांढरी चिकणमाती. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तिला 'शेडी' म्हणतात, भूशास्त्रात लिथोमार्ज. मी पुढं शेडीच म्हणतो, लहान शब्द आहे. कोरडी शेडी नखानं खरवडावी लागते. ओली झाली की ती दही मोडावं तशी मोडते, आणि पाणी वाहतं राहिलं तर पाण्याबरोबर निघून जाते. शेडीच्या खाली अर्धवट कुजलेला दगड, मग अस्सल बेसाल्ट. नीट न भाजलेली बट्टी आठवा. वरून टणक, बोटानं वाजवली तर खण्ण वाजणार, फोडली तर आत कच्चं पीठ.

या प्रकारच्या जमिनीनं कोकण रेल्वेचा किती घाम काढला, ते त्या काळी पेपरात यायचं. मऊ, पाणी धरलेल्या मातीतून जाणारे काही बोगदे हातानं, इंचाइंचानं खणावे लागले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा सगळ्यात हट्टी निघाला, आणि मार्ग पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. त्याच बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंतीचा काही भाग कोसळला. महिना ऑगस्ट होता, हे लक्षात ठेवा.

आता मिस्तरीच्या पहारीकडे येऊ. भाच्यानं नुसत्या पहारीवर भागवलं नव्हतं. मे महिन्यात प्लेट टेस्टही करून घेतली होती. ३० सेंटिमीटरची पोलादी प्लेट जमिनीवर ठेवायची, जॅकनं टप्प्याटप्प्यानं भार द्यायचा आणि ती किती खचते ते डायलवर वाचायचं. अहवाल आला, चौरस मीटरला २५ टन सुरक्षित. आकडा खोटा नव्हता, फक्त तो प्लेटपुरता खरा होता. जमिनीवर ठेवलेल्या भाराचा दाब खाली पसरतो आणि भाराच्या रुंदीच्या साधारण दुपटीपर्यंत जाणवतो. ३० सेंटिमीटरची प्लेट ६० सेंटिमीटर खोलपर्यंतचीच जमीन चाचपते. घराची फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद काँक्रीटचा पाया, १.८ मीटरची असेल तर ती साडेतीन मीटरपर्यंतची जमीन चाचपणार. प्लेटला फक्त कवच भेटलं. फुटिंगला शेडीही भेटणार होती. शिवाय मे महिना. शेडी तेव्हा कोरडी असते, कोरड्या मातीत बारीक छिद्रांतलं पाणी कणांना आत ओढून धरतं, म्हणून ती आपल्या खऱ्या ताकदीपेक्षा दणकट वाटते. जुलैत ती ओढ संपते.

मी म्हटलं, पाऊस ओसरू दे, मग चारही कोपऱ्यांवर बोअर मारू. सप्टेंबरच्या शेवटी गेलो. बोअर लागायच्या आधी एक दिवस नुसता हिंडलो, आणि तो दिवस फुकट गेला नाही. प्लॉटपासून थोड्या अंतरावर चिऱ्यांची एक बंद खाण आहे. तिच्या उभ्या भिंतीत सगळं लिहिलेलं होतं. जांभ्याचं कवच एका टोकाला दोन पुरुष जाड, दुसऱ्या टोकाला कमरेइतकंच. त्याची खालची रेघ सरळ नाही, दातरी. जिथं मूळ दगडात उभी भेग होती तिथं पाणी जास्त खोल गेलं, कुजणंही खोल गेलं. दोन भेगांमधला दगड मात्र मागं राहिलेला. नव्या माणसानं बोअरचा अहवाल वाचायच्या आधी जवळची खाण, विहीर, रस्त्याचं कटिंग बघावं, असं मी सांगतो. बोअर म्हणजे चार इंचाची खिडकी, खाण म्हणजे आख्खी भिंत.

बोअरमध्ये दर दीड मीटरवर एसपीटी नावाची चाचणी केली. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, त्यातल्या शेवटच्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे एन. एन जितका कमी, तितकी माती मऊ. रस्त्याकडच्या कोपऱ्यावर जांभा ४.२ मीटर, मग ठिपक्यांची माती, मग मुरूम. तिथं कसलीच तक्रार नाही. उताराकडच्या कोपऱ्यावर, जिथून सडा खाली तुटतो तिथं, जांभा फक्त १.६ मीटर. खाली शेडी, एन पाच ते सात. एका ठिकाणी ड्रिलिंगचं पाणी वर यायचंच थांबलं, आणि थोड्या वेळानं रॉड हिसका बसून वीतभर खाली गेला. त्या मशीनवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. वहीत मात्र हे लिहिलंच पाहिजे. पाणी हरवणं आणि रॉड पडणं म्हणजे आत पोकळी आहे, शेडी धुऊन गेल्याची खूण.

५.६ मीटरवर रॉड थटला. "दगड लागला साहेब, बंद करू?" मी म्हटलं, चालू ठेव. सत्तर सेंटिमीटर अस्सल काळा बेसाल्ट निघाला, आणि खाली पुन्हा मऊ. म्हणजे तो गोटा होता. आपल्याकडचे विहीर खोदणारे ही फसवणूक चांगली ओळखतात. बेसाल्ट भेगांच्या कडेनं, कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसा कुजत आत जातो आणि मधला गाभा शाबूत राहतो. नवापूर-अक्कलकुव्याकडे, आपल्या खानदेशातल्या जास्त पावसाच्या पट्ट्यात, रस्त्याच्या कडेला असे गोटे मुरमात रुतलेले दिसतात. गोट्याला पाषाण समजून त्यावर फुटिंग किंवा पाईल, म्हणजे जमिनीत खोल नेलेला काँक्रीटचा खांब, टेकवला तर तो मऊ मातीत टाकलेल्या पाटावर उभा राहण्यासारखा. म्हणून दगड लागल्यावर त्यात किमान तीन-चार मीटर तरी आत जायचं, आणि बोअरमधून काढलेल्या दगडाच्या दांड्यात, म्हणजे कोअरमध्ये, १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती टक्के आहेत ते बघायचं. इथं खरा खडक ९ मीटरवर लागला.

आता हिशेब. थोडा आकडेमोडीचा आहे, पण एकदा करून बघण्यासारखा आहे. एका खांबावर ५० टन भार. फुटिंग १.८ गुणिले १.८ मीटर, म्हणजे ३.२४ चौरस मीटर. दाब चौरस मीटरला सुमारे १५.४ टन, अहवालातल्या २५ पेक्षा पुष्कळ कमी. फुटिंग जमिनीत ६० सेंटिमीटर, म्हणजे उताराकडच्या कोपऱ्यावर तिच्याखाली जांभा उरतो १ मीटर.

दाब खाली पसरतो तो सोपा करून असा धरतात, की दर मीटर खाली गेलं की भाराची रुंदी एक मीटरनं वाढते. १ मीटर जांभा ओलांडून भार शेडीच्या माथ्यावर पोचतो तेव्हा तो १.८ ऐवजी २.८ मीटरच्या चौकोनावर पसरलेला असतो, म्हणून दाब उरतो साधारण ६.४ टन. शेडी ४ मीटर जाड. तिचे एक-एक मीटरचे चार थर केले तर प्रत्येकाच्या मध्यावर दाब येतो ४.६, २.७, १.८ आणि १.३ टन. बेरीज १०.४. ओल्या शेडीचा ताठरपणा चौरस मीटरला ५०० टन धरला, तर खचणं १०.४ भागिले ५००, म्हणजे ०.०२१ मीटर, जवळपास २१ मिलिमीटर. रस्त्याकडच्या खांबाखाली जांभा जाड, तो खचेल दोन-एक मिलिमीटर.

२१ मिलिमीटर खचण्यानं घराला काही होत नाही. सगळं घर सारखं खचलं तर पायरी एक बोट खाली जाईल, एवढंच. त्रास होतो तो फरकाचा. कवचाची जाडी इथं काही पावलांतच बदलत होती. बदल शेजारच्या दोनच खांबांत झाला, असं वाईटातलं वाईट धरू. खांबांतलं अंतर ४.५ मीटर. एक २१ खचला, एक २, फरक १९ मिलिमीटर. आयएस १९०४ या भारतीय मानकानुसार आरसीसी फ्रेमच्या सुट्या फुटिंगला अंतराच्या ०.००१५ पट, म्हणजे इथं पावणेसात मिलिमीटर फरक चालतो. आपण जवळजवळ तिप्पट. अशा घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, ती वर रुंद होत जाते, आणि उताराकडच्या खोलीचं दार पावसाळ्यात घासायला लागतं.

यावर कुणी म्हणेल, ५०० टन कुठून आणलं? बरोबर आहे, तो अंदाज आहे. अवशिष्ट मातीच्या कणांत मूळ दगडाची बांधणी शिल्लक असते, त्यामुळे बांधणी तुटेपर्यंत ती एनच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा ताठ असू शकते. ताठरपणा दुप्पट धरा. खचणं १० मिलिमीटर, फरक ८. तरी मर्यादा ओलांडलीच. आणि गोट्याखालच्या मऊ थराचं, धुऊन गेलेल्या पोकळीचं मी यात काहीच धरलेलं नाही. अखंड जांभा स्लॅबसारखा भार वाहून नेईल असंही म्हणता येईल, पण सड्याच्या काठावर तो अखंड नसतो, उभ्या भेगांनी तुटलेला असतो.

आता माझ्या हाडात मुरलेल्या सवयीची पाळी. मिस्तरी म्हणाला, "कवच फोडून खाली जाऊ, दादा." खानदेशी तोडगा. करून बघू. जांभा काढून टाकला आणि फुटिंग थेट शेडीवर ठेवली, तर चार थरांवरचा दाब ९.५, ४.६, २.७, १.८. बेरीज १८.६. खचणं ३७ मिलिमीटर. खोल गेलो आणि जवळपास पावणेदोनपट वाईट झालं, कारण दाब पसरवणारी एकमेव चांगली गोष्ट आपणच फोडून बाहेर फेकली. आपल्याकडे वाईट माती वर असते, चांगली खाली. सड्यावर चांगली वर. जांभ्यात पाया जितका उथळ ठेवता येईल तितका बरा, फक्त वरचा सुटा, झिजलेला भाग काढायचा.

फुटिंग रुंद केली तर? २.४ मीटरची करून पाहिली. २१ चे १६ मिलिमीटर झाले. काँक्रीट वाढलं, प्रश्न तोच. मऊ थर खोल असला की रुंद फुटिंगचा दाबही खोल जातो, म्हणून फायदा तोकडा पडतो. पाईल घालून ९ मीटरवरच्या खडकात टेकायचं तर गोटे फोडत जावं लागणार, प्रत्येक पाईलची लांबी वेगळी निघणार, आणि दोन मजली घराला तो खर्च झेपणारा नव्हता. राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया, करता आला असता, पण एका बाजूला कातळ आणि एका बाजूला लोणी असलं की राफ्टही कातळाच्या काठावर वाकतो, त्यात सळई बरीच घालावी लागते.

शेवटी सगळ्यात स्वस्त उपाय निघाला तो म्हणजे घर हलवणं. आणखी दोन बोअर मारून कवचाची जाडी कुठं कशी बदलते ते पाहिलं आणि नकाशा रस्त्याकडे ५ मीटर सरकवला. आता सगळ्या खांबांखाली किमान ३ मीटर जांभा येत होता. उताराकडे फक्त पोर्च राहिला. तो घराला बांधायचा नाही, मधे सांधा सोडायचा, म्हणजे खचला तर एकटा खचेल. भाचेसुनेला पोर्चवर झोपाळा हवा होता. तो नंतर घराच्या स्लॅबलाच टांगला.

एका गोष्टीवरून मात्र वाद झाला. भाच्याला पोर्चच्या बाजूला मोठा शोषखड्डा हवा होता, गच्चीचं सगळं पाणी जिरवायला. खानदेशी माणूस, पाणी वाहून जाताना त्याला बघवत नाही. आपल्याकडे ते पुण्याचं काम आहे. पण शेडीत पाणी सोडणं म्हणजे तिला वाट दाखवणं. कवचाच्या भेगांतून पाणी खाली जातं, शेडीचे कण घेऊन उतारावर कुठंतरी झऱ्यासारखं बाहेर पडतं, आणि आत बिळासारखा बोगदा तयार होतो. केरळच्या डोंगराळ जिल्ह्यांत अशा भूगर्भातल्या बोगद्यांमुळे जमिनी बसल्याची उदाहरणं आहेत. उतारावरचा झरा पावसाळ्यात गढूळ, पांढरट वाहत असेल तर समजावं की वरची जमीन पोकळ होतेय. गच्चीचं पाणी शेवटी पक्क्या गटारीनं रस्त्याकडच्या नाल्याला नेलं, आणि थोडं टाकीत साठवलं. सेप्टिक टँकचं पाणीही उताराकडे सोडलं नाही.

प्रयोगशाळेबद्दल एकच सांगतो, कारण ते अहवालात कुणी लिहीत नाही. जांभ्या आणि शेडीचे नमुने १०५ अंशांच्या भट्टीत वाळवून मग चिकटपणाच्या चाचण्या केल्या तर उत्तर बदलू शकतं. काही खनिजांतलं आतलं पाणी निघून जातं आणि बारीक कण गुठळ्या होऊन बसतात, माती आहे त्याहून कमी चिकट भासते. नमुना ओल्या स्थितीतूनच चाचणीला घ्या, वाळवायचाच तर ५० अंशांच्या आसपास, असं लॅबला लिहून द्यावं लागतं.

घर झालं. सांध्यावर मी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून ठेवली होती. कुणीही करू शकतो, जमीन हलली की काच तुटते. पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या शेवटी ती तुटली. मिस्तरी तेव्हा पारोळ्यात दुसऱ्या कामावर होता. भाच्यानं त्याला फोटो पाठवला. सप्टेंबरात पट्टीनं मोजलं तेव्हा पोर्च घरापेक्षा ४ मिलिमीटर खाली गेला होता. घराच्या भिंतींत कुठं भेग नाही, दारं घासत नाहीत. पोर्चच्या फरशीत सांध्यावर केसाएवढी फट दिसते, तिच्यात भाचा दर उन्हाळ्यात डांबर भरतो.